संतापलेले गिऱ्हाईक आणि आपली दुकानातील माणसे

आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभाव, करपद्धती आणि वाहतुकीच्या अडचणी यांविषयी अधिकारी मंडळींचे लेख दरवर्षी येतात. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, धान्याच्या घाऊक व्यापारात केस पांढरे झालेले गृहस्थ आहोत. त्या मोठ्या विषयांवर लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एका लहान विषयासंबंधी आमचे मत बरेच दिवसांपासून बनत आले असून ते सभासद बंधूंपुढे ठेवावे असे वाटते. गिऱ्हाईक संतापून दुकानात येते तेव्हा त्याच्यासमोर उभा असणारा आपला माणूस काय बोलतो, त्याला ते कोणी शिकविले आहे आणि मालकाने गादीवरून केव्हा उठावे, हाच तो विषय होय.

बहुतेक दुकानांतून या बाबतीत नोकरास एकच शिकवण दिलेली असते. ती म्हणजे, ‘गोड बोलावे.’ ही शिकवण पुरेशी नाही, एवढेच नव्हे तर ती पुष्कळदा घातक ठरते, असे आमचे म्हणणे आहे. ज्याच्या हाती भरपाई देण्याचा काडीचाही अधिकार नाही अशा माणसाचे गोड बोलणे संतापलेल्या माणसाला चेष्टेसारखे वाटते. गोड शब्दांपेक्षा त्याला ठरलेली रीत, आकड्यात सांगितलेला अधिकार आणि ठरलेली मर्यादा या तीन गोष्टी दिल्या पाहिजेत. हे आम्हांस पुस्तक वाचून कळलेले नाही. आमच्याच दुकानात घडलेल्या एका चुकीने ते शिकविले. ती हकीकत आधी सांगतो.

तूरडाळीचा दर त्या वेळी किलोला 120 रुपये होता. उटनूरपासून दूरच्या एका गुड्यात किरकोळ दुकान चालविणारे एक गोंड गृहस्थ आमच्याकडून डाळीचे तीन कट्टे घेऊन गेले होते. प्रत्येक कट्टा पन्नास किलोचा, असे बिलावर लिहिले होते. चार दिवसांनी, ऐन आठवडी बाजाराच्या गर्दीत, ते दोन शिवलेले कट्टे आणि एक रिकामे बारदान भाड्याच्या गाडीत घालून परत आले. उंबऱ्यातूनच ते मोठ्याने म्हणाले, “पन्नासावा किलो भरलाच नाही! तुम्ही लोक आम्हांला अडाणी समजता काय?” काट्यावर असलेला आमचा गुमास्ता हा प्रामाणिक मुलगा. तो चटकन म्हणाला, “आमच्याकडून असे कधी होत नाही. तुमचा काटा तपासून घ्या.” या दोन वाक्यांनी विस्तवात तेल पडले. दुकानातील दहाबारा माणसे माल घेण्याचे थांबवून पाहू लागली. गृहस्थांचा आवाज चढला, गुमास्त्याचाही चढला आणि आम्ही गादीवरून उठून तेथे गेलो.

तेथे जाऊन आम्ही दुसरी चूक केली. सर्वांसमक्ष आम्ही गुमास्त्यालाच दटावले आणि गृहस्थांना म्हणालो, “जाऊ द्या, एक किलो डाळ जास्त घेऊन जा.” त्यावर ते म्हणाले, “मी भीक मागायला आलो नाही. माप करून दाखवा.” हे उत्तर आजही आमच्या कानांत आहे. ते बरोबर होते आणि आम्ही चुकलो होतो.

मग माप झाले. शिवलेला एक कट्टा काट्यावर ठेवला. आकडा आला बरोबर 50 किलो. गुमास्त्याच्या चेहऱ्यावर विजय दिसू लागला. गृहस्थांनी कट्टा उसवून डाळ घमेल्यांत ओतावयास सांगितले आणि रिकामे बारदान काट्यावर टाकले. त्याचे वजन 600 ग्रॅम भरले. म्हणजे डाळ 49 किलो 400 ग्रॅम. दुसऱ्या कट्ट्याचेही तेच. पूर्वी ज्या गिरणीचा माल येत असे ती बारदान वगळून पन्नास किलो भरीत असे. या वेळी माल दुसरीकडून आला होता, तागाच्या जाड पोत्यांत, आणि पन्नास किलो हे वजन बारदानासह होते. आमच्या गुमास्त्याने माल उतरवून घेताना काट्यावर 50 पाहिले आणि बिलावर 50 लिहिले. काटा खरा होता. बिल खोटे होते. तीन कट्ट्यांमागे 1 किलो 800 ग्रॅम, म्हणजे 216 रुपयांची डाळ आम्ही न देता तिचे पैसे घेतले होते. बिलावरचे वजन हे बारदान वगळून निव्वळ मालाचेच असले पाहिजे, हा कायदाही आहे आणि आपला जुना धर्मही आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत कमीअधिक मापाची गणना केलेली आहे, हे आपल्या घरांतील मुलेही जाणतात. हेतू नव्हता, परंतु घडले ते तेच.

आम्ही 216 रुपये परत दिले, दोन कट्टे परत आणण्याचे गाडीभाडेही दिले, आणि त्या मालातून ज्या ज्या दुकानदारांस कट्टे गेले होते त्यांची बिले काढून प्रत्येकास पैसे पोहोचविले. परंतु आमच्या मनाला लागले ते असे की, ही चूक एका संतापलेल्या माणसाने उघडकीस आणली, आणि आमच्या माणसाने व आम्ही स्वतः त्याला गप्प करण्याचाच प्रथम प्रयत्न केला.

या ठिकाणी आपल्या प्रदेशाच्या इतिहासाची आठवण ठेवणे अवश्य आहे. उटनूर, इंद्रवेल्ली, जैनूर या टापूत गोंड, कोलाम, परधान, आंध आणि बंजारा मंडळींशी आपला व्यवहार चालतो. व्यापाऱ्याचे माप खोटे आणि सावकाराची वही खोटी, हा संशय येथे आपल्या जन्माच्या आधीपासूनचा आहे, आणि तो निराधार होता असे कोणी म्हणू नये. 1940 मध्ये जोडेघाट येथे कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाकडे येथील आदिवासींच्या स्थितीच्या अभ्यासाचे काम दिले. मारलवाई येथे राहून त्यांनी जे पाहिले त्यात जमिनी कशा गेल्या आणि देणी कशी वाढली, हेच मुख्यतः होते. खाजगी व्यापाऱ्याच्या हातून आदिवासींची लूट होऊ नये याकरिता 1956 मध्ये गिरिजन सहकारी महामंडळ स्थापन करण्यात आले. एखाद्या सरकारला आपल्या धंद्यापासून लोकांचे रक्षण करण्यासाठी संस्था काढावी लागावी, यात आपल्याला विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. सबब, आपल्या दुकानात सहाशे ग्रॅमसाठी जो आवाज चढतो तो केवळ सहाशे ग्रॅमचा नसतो. त्यात आजोबा-पणजोबांच्या आठवणी असतात. विशीतल्या गुमास्त्याला हे ठाऊक नसते. त्याला वाटते, एवढ्याशा गोष्टीसाठी हा मनुष्य इतका का ओरडतो? म्हणून हे त्याला सांगितले पाहिजे. शिक्षणाचा पहिला धडा हाच.

आता रीतीकडे वळू. त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या दुकानापुरती पाच पायऱ्यांची एक पद्धत ठरविली.

पहिली पायरी, माणसाला गर्दीतून बाजूला घेणे. मात्र हात धरून नव्हे. काट्याशेजारी बाक ठेवले आहे. गुमास्त्याने स्वतः उठून तिकडे जावे आणि म्हणावे, “दादा, इकडे बसा, मला सगळे नीट ऐकायचे आहे.” पाणी द्यावे. वयस्कर बाईस ‘मावशी’ म्हणावे, तेलुगू बोलणाऱ्यास ‘अन्ना’, ‘अम्मा’ म्हणावे. एकेरी संबोधन कोणासही नको. येणाऱ्याने ‘रामराम’ केला असेल तर संतापातही तो आधी परत करावा. बाहेर गर्दी पाहत असते तोवर संतापलेल्या माणसाला मागे सरता येत नाही आणि आपल्या माणसालाही येत नाही. बाकावर बसले की दोघांनाही मागे सरण्यास जागा मिळते.

दुसरी पायरी, शेवटपर्यंत ऐकून घेणे आणि तक्रार त्याच्याच शब्दांत, आकड्यांसह, परत म्हणून दाखविणे. उदाहरणार्थ, “तुम्ही तीन कट्टे नेलेत, एक उघडलात, आणि त्यात पन्नासावा किलो भरला नाही. बरोबर ऐकले ना मी?” एवढ्याने अर्धा संताप उतरतो असा आमचा अनुभव आहे. कारण त्या माणसाला भीती असते ती ही की, आपले कोणी ऐकूनच घेणार नाही. येथे भाषेचा प्रश्न येतो. गोंडीत बोलणाऱ्या माणसाला मोडक्या तेलुगूत किंवा मराठीत तक्रार सांगावी लागली तर त्याचा राग दुप्पट होतो. म्हणून निदान बाजाराच्या दिवशी तरी गोंडी जाणणारा एक मनुष्य दुकानात असलाच पाहिजे. त्याने केवळ सांगितलेले सांगावे, आपल्या पदरचे काही घालू नये, हेही त्याला शिकवावे.

तिसरी पायरी फार अवघड आहे. ती म्हणजे तक्रार मान्यही न करणे आणि अमान्यही न करणे. “असे होऊच शकत नाही”, “बाकी कोणाची तक्रार नाही”, “घेताना का नाही पाहिले?”, “तुमचाच काटा बिघडला असेल” ही चार वाक्ये आमच्या दुकानात बंद आहेत. त्यांऐवजी एकच वाक्य पाठ करून घेतले आहे: “चूक कोणाची ते काटा सांगेल, आपण दोघे मिळून पाहू.” त्याचप्रमाणे, न तपासता “हो हो, आमचीच चूक” असे म्हणणेही बंद आहे. आम्ही एक किलो डाळ देऊ केली तेव्हा त्या गृहस्थांना अपमान वाटला तो याच कारणाने. न मोजता दिलेली भरपाई म्हणजे तोंड बंद करण्याची किंमत होय.

चौथी पायरी, त्याच्या डोळ्यांसमोर माप करणे. काटा आधी रिकामा असताना शून्य दाखवितो हे दाखवावे. मग शिक्क्याचे पाच किलोचे वजन ठेवून काटा खरा आहे हे दाखवावे. काट्याच्या वार्षिक तपासणीचा दाखला काट्याजवळच टांगलेला असावा. नंतर माल बारदानासह, मग बारदान एकटे. जुने मापाडी बारदानाचा धडा करून मगच वजन करीत. विजेच्या काट्यांवर बटण दाबले की धडा होतो, पण तेच विसरले जाते, कारण हाताला काही करावे लागत नाही.

कधी कधी माप बरोबर निघते. मग खुलासा करण्याची कला लागते. किरकोळ दुकानदार पन्नास किलोचा कट्टा एकेक किलोने विकतो आणि दर वेळी काटा थोडा नमता ठेवतो. एका मापात दहा ग्रॅम जास्त गेले तर पन्नास मापांत अर्धा किलो जातो. किंवा ज्वारी ओलसर असताना घेतली आणि उन्हाळ्यात घरात ठेवली तर ती सुकते. ज्वारीतील ओल शंभरात बाराची अकरा झाली तर पन्नास किलोचे साडेपाचशे ग्रॅमच्या वर घटतात, आणि एक दाणाही चोरीस गेलेला नसतो. हे गिऱ्हाइकाला सांगताना, “तुम्हांला कळत नाही” असा सूर येता कामा नये. आमचा मुनीम असे म्हणतो: “दादा, आमच्या काट्यावर पन्नास भरले हे तुम्ही पाहिले. आता पुढच्या वेळी कट्टा घरी नेल्यावर सुटा करण्यापूर्वी सगळा एकदम मोजा. तेव्हा कमी भरला तर त्याच दिवशी निरोप पाठवा, मी फरक देईन.” यात नकार आहे, परंतु दार बंद केलेले नाही. कट्टा सुटा करण्यापूर्वी तोलला म्हणजे घट आमच्याकडची की विक्रीतली, हे दोघांनाही कळते.

पाचवी पायरी, निकाल. देणे निघाले तर तेथल्या तेथे द्यावे आणि “आमच्याकडून चुकले. हे तुमचे इतके रुपये. तुम्ही सांगितलेत म्हणून आम्हांला कळले” एवढेच म्हणावे. लांबलचक माफी मागू नये, कारणे सांगू नयेत. निकाल लगेच होण्याजोगा नसेल तर दिवस आणि वेळ सांगावी. “बघू”, “कळवू” हे शब्द नकोत. “मंगळवारी दुपारपर्यंत गिरणीचे उत्तर येईल, तुम्हांला फोन मी स्वतः करीन” असे म्हणावे आणि ते करावे.

या पायऱ्या केवळ सांगून येत नाहीत. महिन्यातून एकदा दुकान बंद झाल्यावर अर्धा तास आमचा वृद्ध मुनीम गिऱ्हाईक होतो आणि नवी मुले काट्यावर उभी राहतात. मुनीम इतका हुबेहूब ओरडतो की शेजारचे दुकानदार धावून येतात. मुलगा तिसऱ्या पायरीवर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. हसतखेळत होते, पण प्रत्यक्ष प्रसंगी जिभेवर तेच वाक्य येते. शिवाय एक तक्रारवही ठेवली आहे. तीत तारीख, माल, तक्रार, माप काय निघाले आणि काय दिले, एवढे पाच रकाने. एकाच मालाच्या दोन तक्रारी आल्या की तो माल विक्रीतून काढून तपासावयाचा. त्या डाळीच्या वेळी ही वही असती तर गुमास्त्याने ‘बाकी कोणाची तक्रार नाही’ असे मनात तरी धरले नसते.

आता मर्यादांविषयी. मर्यादा दोन प्रकारच्या आहेत. एक अधिकाराची आणि दुसरी वागणुकीची.

अधिकाराची मर्यादा रुपयांत सांगितली पाहिजे. आमच्याकडे गुमास्त्याला पाचशे रुपयांपर्यंतचा फरक कोणास न विचारता देता येतो आणि मुनिमाला दोन हजारांपर्यंत. किडलेली किंवा बुरसलेली डाळ परत आली आणि ती आपलीच आहे हे बिलावरून दिसले, तर बदलून देण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. सदोष माल बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. घरी खाण्यासाठी नेणाऱ्या ग्राहकाला त्याचा थेट आधार आहे. पुढे विकण्यासाठी नेणाऱ्या दुकानदाराला तोच न्याय आपण आपल्या इच्छेने लावावा, असे आमचे मत आहे. ज्या गोष्टी गुमास्त्याच्या अधिकाराबाहेर आहेत त्याही तितक्याच स्पष्ट असाव्यात. दर कमी करणे, उधारी वाढविणे आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हिशेब सांगणे या तीन गोष्टी त्याने करू नयेत. त्या वेळी त्याने म्हणावे, “हे माझ्या हातात नाही, ज्यांच्या हातात आहे त्यांना मी आता बोलावतो.”

वागणुकीची मर्यादा दोन्हीकडे आहे. आपल्या माणसाने कोणत्याही परिस्थितीत हात उचलू नये, माल किंवा पैसे फेकू नयेत, आणि जात किंवा जमात यांचा उल्लेख तोंडातून काढू नये. ‘तुम्ही लोक’ हे दोन शब्दसुद्धा नकोत. चारचौघांत जातीवाचक अपमान करणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे, हे प्रत्येक नोकराला पहिल्याच दिवशी सांगावे. परंतु कायद्याच्या भीतीनेच ते टाळावे लागत असेल तर तो मनुष्य काट्यावर उभा करण्याच्या योग्यतेचा नाही, असेही आम्ही समजतो.

गिऱ्हाइकालाही मर्यादा आहे. मालाविषयी, दुकानाविषयी, आमच्याविषयी तो वाटेल तितक्या मोठ्याने बोलो, ते ऐकून घ्यावे. परंतु नोकराच्या आईबहिणीचा उद्धार, दुकानातील बाईमाणसाशी असभ्य बोलणे, धक्काबुक्की ही सहन करण्यास आम्ही कोणास सांगत नाही. त्यासाठी दोन वाक्ये ठरविली आहेत. पहिल्यांदा: “दादा, तक्रार मी ऐकतो आहे. शिवी थांबवा म्हणजे काम पुढे जाईल.” पुन्हा तेच घडले तर: “आता मी बोलणार नाही, मालक येतील.” एवढे म्हणून दोन पावले मागे सरावे. दारू पिऊन आलेल्या माणसाशी मापाचा वाद घालूच नये. “तुमचा माल आणि बिल मी येथे नोंदवून ठेवतो, उद्या सकाळी तुमच्यासमोर माप करू” असे म्हणून तक्रार लिहून घ्यावी आणि बरोबरच्या माणसाला तसे सांगावे. दुसऱ्या दिवशी तो आला तर कालचा विषय काढू नये.

आता मालकाने केव्हा उठावे? या प्रश्नावर व्यापारी बंधूंत दोन मते दिसतात. कोणी म्हणतात, आवाज चढला की मालकाने धावावे. कोणी म्हणतात, मालकाने गादी सोडूच नये. आम्हांस दोन्ही मते चुकीची वाटतात. आवाज चढताच मालक धावू लागला तर सर्व बाजारास कळते की, ओरडले की शेठ उठतात आणि शेठ उठले की जास्त मिळते. मग शांतपणे बोलणाऱ्या सज्जन गिऱ्हाइकाचे नुकसान होते आणि गुमास्ता केवळ बुजगावणे उरतो. उलट, मालक कधीच उठला नाही तर नोकराच्या अंगावर त्याच्या पगारापलीकडचे ओझे पडते.

आमच्या मते चारच प्रसंगी मालकाने उठावे. रक्कम मुनिमाच्या मर्यादेपलीकडची असेल तेव्हा. गोष्ट उधारीची किंवा जुन्या हिशेबाची असेल तेव्हा. चूक आपल्या माणसाच्या सचोटीविषयी संशय आणणारी असेल तेव्हा. आणि नोकराच्या अंगावर कोणी जाईल किंवा त्याने दुसरे ठरलेले वाक्य उच्चारले असेल तेव्हा. यांपैकी शेवटच्या प्रसंगी क्षणाचाही विलंब नको. मालकाने जाऊन नोकर आणि गिऱ्हाईक यांच्या मध्ये उभे राहावे. तरीही आवरले नाही तर काटा बंद करून पोलीस ठाण्यास कळवावे, आपण हातघाईवर येऊ नये.

उधारीची गोष्ट वेगळी काढली आहे, तिचे कारण असे. हिशेबाचा वाद हा मापाच्या वादासारखा सर्वांसमक्ष मिटवावयाचा नसतो. माप उजेडात व्हावे, हिशेब मात्र आतल्या खोलीत व्हावा. आपले देणे किती हे चारचौघांत ऐकणे कोणासही आवडत नाही, आणि त्या शरमेचा संताप फार खोल असतो. अशा वेळी मालकाने म्हणावे, “चला, आत बसून वही पाहू. तुमच्याकडच्या चिठ्ठ्याही काढा. दोन्हींचा मेळ घालू.” गिऱ्हाइकाजवळ चिठ्ठी नसेल तर आपली वही हाच पुरावा असे मानण्याचा मोह होतो. तो टाळावा. या प्रदेशात वहीवर अविश्वास का आहे हे वर सांगितलेच आहे. वाचता न येणाऱ्या माणसाला प्रत्येक रकमेची तारीख आणि माल वाचून दाखवावा आणि त्याच्या घरच्या शिकलेल्या मुलाला बरोबर आणण्यास सांगावे.

उठल्यावर काय करावे, हेही तितकेच महत्त्वाचे. मालकाने प्रथम आपल्या माणसालाच विचारावे, “यांची तक्रार काय आहे ती सांग.” गिऱ्हाइकासमोर त्याची तक्रार आपला माणूस नीट मांडतो, तेव्हा दोघांचाही मान राहतो. गुमास्त्याने आपल्या अधिकारात दिलेला निकाल मालकाने फिरवू नये. तो थोडा महाग पडला तरी फिरवू नये. माणूस चुकला असेल तर गिऱ्हाइकाची क्षमा मालकाने स्वतः मागावी: “दुकान माझे आहे, चूक माझी आहे.” गुमास्त्याशी जे बोलावयाचे ते दुकान बंद झाल्यावर. त्या दिवशी आम्ही त्या मुलाला सर्वांसमक्ष दटावले. त्याने बारदान वजा करावे हे त्याला आम्ही कधी शिकविलेच नव्हते, हे मात्र आम्हांस रात्री आठवले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याची क्षमा मागितली. पर्युषणानंतर आपण सर्वांकडे क्षमा मागतो. परंतु काट्यावरच्या मुलाकडे कितीजण मागत असतील?

काही स्नेह्यांनी आम्हांस विचारले की, गुमास्त्याला पाचशे रुपयांचा अधिकार दिला तर तो ओळखीच्या माणसांना खिरापत वाटणार नाही काय? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर तक्रारवहीत आहे. प्रत्येक रक्कम मापाच्या आकड्यासह आणि गिऱ्हाइकाच्या सहीने किंवा अंगठ्याने लिहिलेली असते आणि मुनीम ती दर आठवड्याला पाहतो. एकाच नावापुढे वारंवार फरक दिसू लागला की विचारणा होते. ज्या मुलाच्या हाती आपण लाखांचा माल आणि रोकड सोपवितो, त्याच्या हाती पाचशे रुपयांचा न्याय सोपविण्यास आपण भ्यावे, हे आम्हांस विसंगत दिसते.

दुसरी शंका अशी की, सर्वांसमक्ष माप करून आपली चूक कबूल केली तर दुकानाची अब्रू जाते. यास उत्तर म्हणून पुढे काय झाले तेवढे सांगतो. ते गोंड गृहस्थ 216 रुपये आणि गाडीभाडे घेऊन गेले, आणि चार महिने आमच्याकडे फिरकले नाहीत. आम्ही समजलो, गिऱ्हाईक गेले. पुढे केसलापूरच्या नागोबा जत्रेच्या आधी ते आले, डाळीचे पाच कट्टे मागितले आणि काट्याजवळ जाऊन त्याच गुमास्त्याला म्हणाले, “आधी बारदान ठेव.” मुलाने हसून रिकामे बारदान काट्यावर ठेवले, धडा केला आणि मग कट्टे तोलले. त्यांचा विश्वास परत आला होता असे आम्ही म्हणणार नाही. ते माप पाहण्यासाठी आले होते. परंतु आमच्या दुकानात माप पाहू देतात, एवढे तरी त्यांना ठाऊक झाले होते. घाऊक व्यापाऱ्याने याहून अधिक अब्रूची अपेक्षा करू नये, असे आमचे नम्र मत आहे.